१० ने वेग वाढवून तासभर वाचतो? हिशेब मांडा की राव

एमएच२३ सुसाट:
चौपदरी रस्ता मोकळा पडलेला असताना ९० ने रांगणाऱ्यांना काय म्हणावं? मी संभाजीनगर-सोलापूर १०० च्या खाली येतच नाही. त्या १० च्या फरकानं तासभर आधी पोचतो, घरी जाऊन गरम जेवतो. ज्यांना भीती वाटते त्यांनी एसटीनं यावं.

अंबडकर मास्तर:
एसटीचा टोमणा झोंबला, म्हणून सविस्तर लिहितोय.

वेगाकडं बघूच नका, एका किलोमीटरला किती सेकंद लागतात ते बघा. ९० ने ४० सेकंद लागतात, १०० ने ३६. किलोमीटरमागे ४ सेकंद, ह्यापलीकडं तुमच्या पदरात काही पडत नाही. संभाजीनगर-सोलापूर ३१० धरा. निघाल्यापासून पोचेपर्यंत ब्रेकला पाय न लावता सुई १०० वर खिळवून ठेवली, तरी १,२४० सेकंद. वीस मिनिटं आणि वर थोडी चिल्लर. ४-४ सेकंदांनी तासभर जमवायचा तर ९०० किलोमीटर गाडी हाकावी लागेल. सोलापूर मागं टाकून कुठवर जाणार आहात?

आता खरा रस्ता घ्या. मांजरसुंब्याच्या घाटात एक कंटेनर दुसऱ्याला ओव्हरटेक करत दोन्ही लेन अडवून चढतो, तिथं तुमची शंभरची सुई काय करते? टोलनाके, दुभाजक फोडून केलेले कट, बीडजवळची गर्दी, सोलापुरात शिरतानाची गर्दी. ह्या सगळ्यात ९० वाला आणि १०० वाला एकाच ट्रकच्या मागं उभे असतात. सुई खरंच १०० वर टिकते असा पट्टा उदार मनानं २२० किलोमीटर धरतो. ८८० सेकंद झाले, म्हणजे पावणेपंधरा मिनिटं. त्यात मांजरसुंब्याला रबडीला थांबलात की खेळ खलास.

आणखी एक. सुई १०० दाखवते तेव्हा मोबाईलचा जीपीएस ९४-९५ दाखवतो. सुईनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही असा नियम आहे, म्हणून कंपन्या ती थोडी वर ठेवूनच देतात. त्यामुळं तुमचे १० सुद्धा पूर्ण १० नाहीत.

एमएच२३ सुसाट:
मास्तर, फळ्यावर गाडी चालवताय का? मी पाच तासांत पोचतो, माझ्या मेव्हण्याला सहा लागतात. हा तास काय आभाळातून पडला?

परभणीची स्नेहल:
तुमचे मेव्हणे सोबत लहान मुलं घेऊन निघतात का हो? आमच्याकडं दोन पोरं आणि सासूबाई असल्या की वेग कितीही असो, तास जातोच. ह्याला उलटी, त्याला शू, सासूबाईंना गुडघे मोकळे करायचे.

डिझेल भाऊ, जालना:
गणित सोपं आहे, उगाच सेकंदांत कशाला शिरता? ९० चे १०० म्हणजे ११ टक्के वाढ. साडेतीन तासांच्या प्रवासात ११ टक्के म्हणजे २३ मिनिटं. आणि दर १० ला तेवढाच फायदा. १०० चे ११० केले की आणखी २३, ११० चे १२० केले की आणखी २३. झाला की तास!

अंबडकर मास्तर:
डिझेल भाऊ, इथंच सगळे फसतात. वेग ११ टक्के वाढला तर वेळ १० टक्के कमी होतो, ते राहू द्या. दर १० ला सारखा फायदा मात्र कधीच नसतो. किलोमीटरमागे बघा: ४० चे ५० केले तर ९० सेकंदांचे ७२ होतात, १८ सेकंद वाचले. ९० चे १०० केले, ४ वाचले. ११० चे १२० केले, पावणेतीन. जितकं वर जाल तितका फायदा आटत जातो, आणि डिझेल तर वरच जास्त जळतं, कारण हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

म्हणून प्रवासाचा वेळ ठरतो तो जिथं गाडी ३०-४० नं चालते तिथं. मोकळ्या रस्त्यावर कितीही ताणा, गेवराईच्या अलीकडं ट्रॉलीमागं अडकलात की सगळी कमाई तिथंच जमा.

गेवराईचा चक्रधर:
ट्रॉलीचं नाव काढलंच आहे तर बोलू द्या. नोव्हेंबर ते मार्च आमच्या रस्त्यानं रात्री गाडी चालवून दाखवा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागं लाईट नाही, रेडियम नाही, आणि ड्रायव्हरच्या कानाशी एवढी मोठी गाणी की हॉर्न ऐकूच जात नाही. गेल्या सीझनला एका ट्रॉलीच्या मागच्या टायरपासून वावभर अंतरावर माझी गाडी थांबली. ती दिसली कशामुळं? समोरून येणाऱ्याचा लाईट उसाच्या पाचटावर पडला म्हणून!

माजलगाव ऊसवाला:
आलं शेतकऱ्यावर! कामून हो, ऊस काय विमानानं नेऊ? कारखान्याच्या गेटवर दोन दोन दिवस नंबर लागत नाही, टोळीवाले बसून राहतात, ऊस वाळतो, वजन माझं घटतं. ट्रॅक्टर माझा नाही, ड्रायव्हर माझा नाही. शिव्या मात्र मला. आणि तुम्ही अंधारात १०० नं येता ते कुणाच्या परवानगीनं? तुमच्या लाईटचा उजेड जिथवर पोचतो तेवढ्यात गाडी थांबत नसेल तर चूक ट्रॉलीची का तुमची?

गेवराईचा चक्रधर:
माझी गाडी थांबली म्हणून तर इथं लिहितोय. दोनशे रुपयाचं रेडियम लावायला काय जातं?

माजलगाव ऊसवाला:
लावतात की. उसाचा चिखल बसला की दोन खेपांत दिसेनासं होतं. खाली उतरून फडकं मारायचं कुणी, तुम्ही येता का?

अंबडकर मास्तर:
दोघंही थांबा, कारण इथंच तासाचं उत्तर आहे. माजलगाव-गेवराईसारख्या रस्त्यावर तीन किलोमीटर ट्रॉलीमागं २० नं चाललात तर किलोमीटरला १८० सेकंद लागतात. ९० नं गेला असता तर ४०. तीन किलोमीटरला ४२० सेकंद गेले, सात मिनिटं. ती सात मिनिटं ९० चे १०० करून भरून काढायची तर १०५ किलोमीटर सलग मोकळा रस्ता पाहिजे. मेव्हण्याचा तास असाच कुठंतरी गेलाय.

जाफराबादचा पप्पू:
मग समृद्धीवर काय बोलाल? तिथं ना ट्रॉली ना गाव. जालन्याहून नागपूर साडेतीनशेच्या आसपास. तिथं १०० नं जाणारा आणि १२० नं जाणारा सारखेच पोचतात म्हणता?

अंबडकर मास्तर:
नाही म्हणत. तिथं १०० ऐवजी १२० म्हणजे किलोमीटरला ६ सेकंद, ३५ मिनिटं वाचतात, आणि कारला १२० ची मुभा आहे. पण हा २० चा फरक झाला. ११० चे १२० केले तर १६ मिनिटंच. त्याच्या वर गेलात तर १३-१४ मिनिटांसाठी ई-चलान. परवडत असेल तर जा.

परळी ते लातूर:
हे सगळं वाचून राग आला. माझ्या वडिलांच्या छातीत कळा येत होत्या, रात्री दीडला लातूरला घेऊन निघालो. तुमचे ४ सेकंद आणि ५ सेकंद त्या वेळी कुणाला सुचतात? माझा भाऊ जीव तोडून गाडी चालवत होता. वडील आहेत आज. वेगानं वेळ वाचत नाही म्हणणाऱ्यांनी त्या रात्री आमच्या गाडीत बसायला पाहिजे होतं.

परभणीची स्नेहल:
ताई, वडील बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. पण मी नर्स आहे, म्हणून एक सांगते. ६०-६५ किलोमीटरला ८० चे ९० केल्यानं पाचेक मिनिटं मिळतात. निघतानाच दवाखान्यात फोन करून छातीत दुखतंय, पेशंट घेऊन येतोय असं सांगितलं, तर ईसीजी मशीन आणि डॉक्टर तयार असतात. त्यानं ह्याहून जास्त वेळ वाचतो. आणि आता १०८ ला फोन करा, गाडीत ऑक्सिजन तरी असतो.

परळी ते लातूर:
फोन केला नव्हता. गेटवर स्ट्रेचर शोधण्यात बराच वेळ गेला, हे खरं आहे. भावाबद्दल मात्र काही ऐकून घेणार नाही.

घाटवाला, कन्नड:
मास्तर, तुमच्या हिशेबात एक भोक आहे. दोनपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायला १० चा फरक फार मोठा असतो. ट्रक ६० नं चाललाय, त्याच्या मागून निघून पुढं सुरक्षित आत यायला ६० मीटर जास्त कापायचेत. ८० नं गेलो तर ११ सेकंद उलट्या बाजूला. ९० नं गेलो तर ७. समोरून बस येत असताना हे ४ सेकंद तुमच्या सगळ्या ४ सेकंदांहून महाग आहेत.

अंबडकर मास्तर:
तेवढं मान्य. पण ते ओव्हरटेकपुरतं. पुढं गेल्यावर पाय उचलता का?

घाटवाला, कन्नड:
उचलतो. सगळे उचलत नाहीत. आणि समोरची बस किती लांब आहे हे अंधारात कुणालाच नीट कळत नाही, त्यामुळं ओव्हरटेकचा वेग नेमका किती असावा ह्यावर माझंही उत्तर पक्कं नाही.

बार्शी रोड:
सगळ्यांनी मुद्द्याचं विचारलंच नाही. सुसाट भाऊ, तुम्ही घरून किती वाजता निघता?

एमएच२३ सुसाट:
पहाटे ४. त्याचा काय संबंध?

बार्शी रोड:
आणि मेव्हणा?

एमएच२३ सुसाट:
आठला. चहा, नाश्ता, आरती करून.

बार्शी रोड:
हं.

एमएच२३ सुसाट:
बरं, बरं. मास्तरांचा विजय असो, सत्कार ठेवा. पहाटे रस्ता मोकळा असतो म्हणून मी १०० नं जाऊ शकतो, हे पण बघा की. मेव्हण्यानं आठला निघून १०० केले तरी त्याला सहाच तास लागतील, एवढं लिहून देतो. पण मी १०० वरून खाली येणार नाही.

अंबडकर मास्तर:
येऊ नका. फक्त पुढच्या वेळी निघताना ट्रिप मीटर शून्य करा आणि पोचल्यावर गाडीनं दाखवलेला सरासरी वेग इथं टाका. पाच तासांत ३१० म्हणजे ६२. सुई १०० वर आणि सरासरी ६२, हे मधले ३८ कुठं गेले ते तुम्हीच शोधा.

माजलगाव ऊसवाला:
ते ३८ ट्रॉलीनं नेले म्हणू नका म्हणजे झालं. आणि चक्रधर, आमच्या टोळीच्या मुकादमाला सांगतो, मागच्या ट्रॉलीला पत्र्याची पाटी लावून तिच्यावर रेडियम चिकटवायला. ती पुसता येते. पण गाणी बंद होणार नाहीत, रात्रभर जागं राहायचंय त्या पोराला.