मदत हवी आहे: हप्ता तोच ठेवून कंपनीने गृहकर्जाची मुदत परस्पर वाढवली

मेघना_धायरी

नमस्कार. धायरीतल्या फ्लॅटसाठी मी आणि माझ्या नवऱ्याने एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून ३० लाखांचं कर्ज घेतलं आहे. जानेवारी २०२२ पासून हप्ता सुरू झाला. तेव्हा दर ७.५ टक्के फ्लोटिंग, मुदत २० वर्षं आणि हप्ता २४,१६८ रुपये होता. हप्ता आजही तोच कापला जातो.

या महिन्यात ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे द्यायचे होते म्हणून कर्जाचं स्टेटमेंट काढलं. त्यात दर ९.२५ टक्के, बाकी मुद्दल २८,६८,१८८ रुपये आणि उरलेले हप्ते ३२१ असं लिहिलंय. चार वर्षं झाली म्हणजे १९२ हप्ते उरायला हवे होते. या चार वर्षांत आम्ही ११ लाख ६० हजार भरले आणि मुद्दल कमी झालं जेमतेम १ लाख ३२ हजार. नवरा ४४ वर्षांचा आहे. या हिशोबाने कर्ज फिटेल तेव्हा तो सत्तरीच्या पुढे असेल.

शाखेत विचारलं. ते म्हणाले, "जानेवारी २०२३ मध्ये दर वाढला, तेव्हा एसएमएस गेला होता. दर बदलायचा अधिकार करारातच आहे." तो एसएमएस सापडला. इंग्रजीत एका ओळीचा आहे: तुमचा दर बदलला, तपशील वेबसाइटवर पाहा. मुदतीबद्दल एक अक्षर नाही. वर आता सांगतात की १४,३४१ रुपये अधिक जीएसटी भरला तर दर ८ टक्क्यांवर आणून देऊ.

असं परस्पर करता येतं का? आम्हाला आधी कळवायला हवं होतं ना? आणि आता आमच्या हातात काय आहे?

प्रसाद_कोथरूड

सरळ सरळ नियमभंग आहे. गृहकर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला जोडलेलं असतं आणि त्याचं व्याज दर तीन महिन्यांनी आपोआप बदलायला हवं. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, म्हणजे तुमचा दर सव्वा टक्क्याने खाली यायलाच हवा होता. माझ्या बँकेने आपणहून कमी केला. फी वगैरे काही देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाका, सुतासारखे सरळ होतील.

शकील_हडपसर

माझंही हेच झालंय. दुकान तारण ठेवून व्यवसायासाठी कर्ज घेतलं होतं. दर वाढवला म्हणून बंद करायला गेलो तर मुदतपूर्व फेडीचे ४ टक्के मागतात. ताई, तुम्हालाही ते द्यावे लागणार, आधी विचारून घ्या.

निवृत्त_क्रेडिट

मेघनाताई, मी गृहकर्जाच्या मंजुरी आणि वसुली विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे ही कागदपत्रं आतून पाहिली आहेत. आधी वरच्या दोन उत्तरांतलं जे तुम्हाला लागू नाही ते बाजूला काढतो.

प्रसाद, तुम्ही म्हणता तो नियम बँकांचा आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात. हाउसिंग फायनान्स कंपनीवर ते बंधन नाही. तिचा स्वतःचा मूळ दर असतो, त्यातून ठरलेली सूट वजा करून तुमचा दर काढतात. रेपो उतरला म्हणून तो मूळ दर उतरलाच पाहिजे, असा आग्रह कायद्याने धरता येत नाही. लोकपालाच्या योजनेतही या कंपन्या येत नाहीत. त्यांच्या तक्रारी राष्ट्रीय आवास बँकेकडे, ग्रिड्स नावाच्या पोर्टलवर जातात.

शकीलभाई, तुमचं कर्ज व्यवसायाचं आहे, त्याचे नियम वेगळे. ताईंचं घराचं कर्ज फ्लोटिंग आहे आणि दोघांच्या वैयक्तिक नावावर आहे, त्यामुळे त्यांना अंशतः किंवा पूर्ण फेडीवर दंड लागत नाही. छोट्या व्यावसायिकांना सूट देणारे नियम रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये काढले, पण ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू आहेत. तुमच्या मंजुरीची तारीख पाहा.

आता ताईंचा प्रश्न. शाखा सांगते ते अर्धं खरं आहे. फ्लोटिंग कर्जात दर वाढवायला कंपनीला तुमची परवानगी लागत नाही, तसं कलम तुम्ही सही केलेल्या करारात असणारच. पण वाढ कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे, आणि कळवायचं ते मराठीत किंवा कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. वाढ पुढच्या तारखेपासूनच लावता येते, मागच्या तारखेपासून नाही. हे नियम २०२३ च्या आधीपासूनचे आहेत.

वाढलेला दर सोसायचा कसा, हे मात्र कर्जदाराने ठरवायचं असतं. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक याच त्रासावर काढलेलं आहे आणि ते हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं. मध्येच रक्कम भरायची मोकळीक द्यायची. दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं, त्यात आजवर किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, हप्ते किती उरले आणि वार्षिक दर काय हे असलंच पाहिजे. स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही त्यात होता, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून तो देणं न देणं कंपनीच्या मर्जीवर आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

तुमची वाढ जानेवारी २०२३ ची, म्हणजे परिपत्रकाच्या आधीची. शाखा हे नक्की पुढे करेल. तेव्हा त्यांना याच परिपत्रकातली पुढची ओळ दाखवा: चालू कर्जांनाही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत हे लागू करायचं होतं आणि प्रत्येक जुन्या कर्जदाराला त्याच्यापुढचे पर्याय कळवायचे होते. ते पत्र तुम्हाला कधी आणि कोणत्या पत्त्यावर पाठवलं, हा तुमच्या तक्रारीचा पहिला प्रश्न.

पर्याय न विचारल्याची किंमत किती, तेही पाहा. आज तुमच्या २४,१६८ च्या हप्त्यातले २२,१०९ रुपये व्याजात जातात. बाकी मुद्दल गुणिले दर, भागिले १२०० केलं की हा आकडा निघतो. तो हप्त्याच्या पुढे गेला तर कर्ज फिटण्याऐवजी वाढत जातं, आणि तशी मुदतवाढ परिपत्रकाने बंद केली आहे. तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे आहात, पण फार लांब नाही. हाच दर ठेवून उरलेल्या १९२ महिन्यांत कर्ज फेडायचं तर हप्ता सुमारे २८,६७३ होतो, म्हणजे महिन्याला साडेचार हजार जास्त. तसं केलं तर पुढे एकूण ५५ लाखांच्या आसपास भराल. आहे तसं चालू ठेवलं तर साडेसत्त्याहत्तर लाख.

आठ टक्क्यांचा प्रस्ताव वाईट नाही. हप्ता २४,१६८ च ठेवला तर ३२१ चे साधारण २३६ हप्ते होतात, आणि हप्ता २६,५२८ केला तर कर्ज १९२ महिन्यांत फिटतं. जीएसटी धरून १७ हजारांच्या आत खर्च आहे. पण लेखी मागा आणि त्यात मुदत किती होणार ते लिहून घ्या. नाहीतर दर उतरतो आणि मुदत वाढलेलीच राहते.

प्रसाद_कोथरूड

बँक आणि कंपनीतला हा फरक मला माहीत नव्हता. पण मग कर्ज सरळ बँकेत हलवलेलं बरं ना? निदान दर रेपोबरोबर खाली येईल.

निवृत्त_क्रेडिट

हलवता येतं, आणि बंद करायला दंड नसल्यामुळे कंपनी अडवूही शकत नाही. बँकेत एक जास्तीचं संरक्षण मिळतं: रेपोवर बँक जे जास्तीचे टक्के लावते, ते तिला मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाहीत. पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, तारणावरचं मुद्रांक शुल्क आणि तारणाची उपनिबंधकाकडे द्यायची नोटीस ऑफ इंटिमेशन एवढा सगळा खर्च धरा. तो १७ हजारांपेक्षा किती जास्त होतो ते पाहून ठरवा. मूळ कागद सोडायला जुन्या कंपनीला पूर्ण फेडीनंतर ३० दिवस मिळतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने द्यायची असते.

आणि ताई, काहीही ठरवण्याआधी कंपनीकडून दराचा इतिहास मागा. प्रत्येक बदलाच्या तारखेला त्यांचा मूळ दर किती होता आणि तुमची सूट किती होती, एवढंच.

मेघना_धायरी

काका, तो इतिहास मिळाला. २०२२ मध्ये मूळ दर १७.१० आणि सूट ९.६०, म्हणून ७.५. जानेवारी २०२३ पासून १८.८५ वजा ९.६०, म्हणजे ९.२५. इथपर्यंत बरोबर आहे. पण २०२५ मध्ये मूळ दर १८.४५ झालेला दिसतो आणि आमचा दर ९.२५ च आहे. सूट आता ९.२० लिहिली आहे. हे कधी झालं?

निवृत्त_क्रेडिट

दरकपात तुमच्या खात्यात उशिरा पोचते म्हणून हे झालं, असं म्हणता येणार नाही. तुमच्या कर्जाचा दर नव्याने ठरवायची, म्हणजे रीसेटची तारीख यायची असती तर मूळ दर जुनाच दिसला असता. इथे मूळ दर उतरला आणि तेवढीच सूट कापली गेली. मूळ दर सगळ्या ग्राहकांसाठी एकदम बदलतो, सूट मात्र तुमच्या सँक्शन लेटरमध्ये तुमच्यासाठी लिहिलेली असते. सँक्शन लेटर आणि करार दोन्ही काढा आणि सूट बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलाय का ते शब्दशः वाचा. ठेवला नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ठेवला असेल, तरी सूचना कुठे आहे हा प्रश्न राहतोच.

आणखी एक. कंपनीच्या वेबसाइटवर तिची न्याय्य व्यवहार संहिता असते, ती उघडा. बऱ्याच कंपन्यांच्या संहितेत असं लिहिलेलं असतं की बदल ग्राहकाच्या तोट्याचा असेल तर ६० दिवसांत जास्तीचा आकार न देता खातं बंद करता किंवा बदलता येतं. तुमच्या कंपनीने ते लिहिलं असेल तर तेच वाक्य तक्रारीत उतरवा आणि दर आठवर आणायची ती १४,३४१ रुपयांची कन्व्हर्जनची फी माफ करा म्हणा.

मेघना_धायरी

सँक्शन लेटरमध्ये "सूट ९.६०" एवढंच आहे. करारात मात्र "कंपनी वेळोवेळी ठरवेल तो दर" असं मोघम वाक्य आहे. आज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवला. त्यात चार गोष्टी मागितल्या आहेत: पर्यायांच्या पत्राची पाठवल्याची नोंद, सूट कापल्याची तारीख आणि कारण, मुदत १९२ वर आणण्याचा लेखी हिशोब आणि फी माफी. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ग्रिड्सवर टाकते. २०२५ मध्ये जास्तीचं घेतलेलं व्याज परत मिळेल का?

निवृत्त_क्रेडिट

सूट चुकीने कापली असं ठरलं तर त्या तारखेपासूनचा फरक मुद्दलात जमा करून मागता येईल. पण त्या मोघम वाक्याचा अर्थ ते कसा लावतात यावर सगळं अवलंबून आहे, खात्री देऊ शकत नाही. २०२३ पासून मुदत वाढल्यामुळे गेलेलं व्याज परत मिळणं अवघड आहे, कारण तेवढी रक्कम तुम्ही खरोखर वापरलेली आहे. हप्ता वाढवण्याचं पत्र मात्र तक्रारीच्या निकालासाठी थांबवू नका, ते वेगळं द्या आणि पोच घ्या.

शकील_हडपसर

माझी मंजुरी २०२१ ची निघाली. दरवर्षी नूतनीकरण होतं, पुढचं मार्चमध्ये आहे. त्यानंतर बंद केलं तर तो ४ टक्क्यांचा दंड सुटेल का?

निवृत्त_क्रेडिट

मुदतीचं कर्ज आहे की ओव्हरड्राफ्ट, आणि बँकेचं आहे की वित्त कंपनीचं, ते आधी सांगा. त्यावर उत्तर बदलतं. वेगळा धागा काढा, तिथे पाहू.