पाच वर्षं हप्ते भरले, मुद्दल हललंच नाही. ही बँकेची लबाडी नाही का?

नाशिककर_निखिल
2020 च्या अखेरीस 30 लाखांचं गृहकर्ज घेतलं, 20 वर्षांसाठी. सोयीसाठी दर सरसकट साडेआठ धरू, हप्ता 26,035. पाच वर्षांत 15 लाख 62 हजार भरले. काल उतारा काढला तर बाकी 26 लाख 44 हजार! म्हणजे मुद्दलात गेले जेमतेम साडेतीन लाख, उरलेले बारा लाख व्याजात. बँका आधी स्वतःचं व्याज वसूल करून घेतात आणि मुद्दल मागे ठेवतात. मला तरी ही लूट वाटते. तुमचं मत?

स्पष्टवक्ता_सातारा
शंभर टक्के लूट. पहिली दहा वर्षं व्याजाची, पुढची दहा मुद्दलाची, असा त्यांचा साचाच असतो. दहा वर्षांनी कर्ज लवकर फेडण्यात काडीचा अर्थ नाही, तोवर त्यांचं व्याज खाऊन झालेलं असतं. फेडायचं तर आत्ताच फेड.

जुनं_पासबुक
एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात, म्हणून राहवत नाही. निखिल, साचाबिचा काही नसतो. महिन्याच्या सुरुवातीला जेवढी बाकी, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. पहिल्या महिन्यात 30 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी 21,250 होतात. हप्त्यातून ते वजा केले की 4,785 उरतात, ते मुद्दलात. पुढच्या महिन्यात बाकी 4,785 ने कमी, म्हणून व्याज 34 रुपयांनी कमी, आणि तेच 34 रुपये मुद्दलाकडे जास्त. बास, एवढंच दर महिन्याला होतं. 34 रुपये म्हणजे सुरुवातीला मुंगीच्या पावलानं. पण ते साठत जातं.

आगाऊ व्याज घेतलंय का, हे घरी बसून तपासता येतं. पाच वर्षांत व्याज गेलं 12 लाख 6 हजार, म्हणजे वर्षाला साधारण 2 लाख 41 हजार. साडेआठ टक्क्यांनी एवढं व्याज किती रकमेवर होतं? सव्वाअठ्ठावीस लाखांच्या थोडं वर. तुझी बाकी 30 वरून 26.44 वर आली, मग सरासरी तेवढीच नको का? जेवढे पैसे वापरलेस तेवढ्याचंच भाडं दिलंस. आगाऊ वसुली असती तर हा आकडा सरासरी बाकीच्या वर गेला असता.

मंजिरी_ठाणे
माझा किस्सा ऐका. माझंही कर्ज 30 लाखांचं, पण 2021 चं, पावणेसात टक्क्यांनी. हप्ता 22,811. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, 4 वरून साडेसहावर गेला, त्याबरोबर माझा सव्वानऊ झाला. हप्ता तोच, म्हणून मी निश्चिंत. मग एक दिवस उतारा उघडला. बाकी 29 लाख, व्याज 22,354, मुद्दल 457. चारशे सत्तावन्न रुपये! एवढ्यात तर आमच्या सोसायटीची पार्किंगची पावतीही फाटत नाही. बँकेनं मुकाट्यानं मुदत वाढवली होती. मला कळलं कसं, तर शेवटच्या हप्त्याच्या तारखेवरून. त्या तारखेला मी ऐंशीच्या पुढे असेन.

जुनं_पासबुक
मंजिरीताई, त्या दरानं आणि त्या हप्त्यानं पाचशेच्यावर हप्ते लागतात, बेचाळीस वर्षं. यात मी बँकेची बाजू घेणार नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं म्हणूनच सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा, आणि तिमाही उताऱ्यात आजवर गेलेलं व्याज, मुद्दल आणि उरलेले हप्ते दाखवा. ती ‘उरलेले हप्ते’ची ओळ बघायची सवय लावा.

स्पष्टवक्ता_सातारा
म्हणजे बघा, लूटच ना! आता पासबुकवाल्यांनीच कबूल केलं.

कोपऱ्यातला_वाचक
हरकत नसेल तर विचारतो, सध्या सर्वांत कमी दरानं गृहकर्ज कोण देतं? आमचाही फ्लॅट ठरतोय, एजंट म्हणतो तीस वर्षं घ्या, हप्ता हलका पडेल.

कौस्तुभ_पुणे
वाचककाका, धागा वेगळ्या विषयाचा आहे, पण प्रश्न नेमका आणलात. इथेच माझं पासबुककाकांशी भांडण आहे. गणित प्रामाणिक आहे, विक्री नाही. याच 30 लाखांना वीसऐवजी तीस वर्षं केलीत तर हप्ता 23,067 होतो, तीन हजारांनीही कमी नाही. आणि पहिल्या महिन्याचं मुद्दल 1,817. एकूण व्याज साडेबत्तीस लाखांवरून 53 लाखांवर. कोणता एजंट हे शेजारी शेजारी मांडून दाखवतो? सगळे ‘हप्ता किती’ एवढंच बोलतात.

आणि स्पष्टवक्ते, तुमची दहा-दहा वर्षं मोडीत निघतात. निखिलच्या कर्जात मुद्दल व्याजापेक्षा जास्त होतं ते 143 व्या हप्त्याला, बाराव्या वर्षाच्या अखेरीस, तेही हळूहळू. तुमचं अर्धं खरं आहे: आज जादा एक लाख भरून हप्ता तोच ठेवला तर कर्ज तेरा महिने आधी संपतं आणि 2 लाख 40 हजार व्याज वाचतं. पंधराव्या वर्षाच्या अखेरीस तोच लाख भरला तर सुमारे 50 हजार वाचतात. पण त्याचं कारण व्याज ‘खाऊन झालंय’ हे नाही. तो लाख पुढे पंधरा वर्षं राहणार होता की पाच, एवढाच फरक. वाचतात दोन्हीकडे साडेआठच टक्के.

जुनं_पासबुक
हप्ता सारखाच ठेवायचा ठरवलं की सुरुवात व्याजाचीच होणार. तो नको असेल तर दुसरी पद्धत: दर महिन्याला मुद्दल ठरलेलं 12,500, अधिक बाकीवरचं व्याज. एकूण व्याज पंचवीस लाख साठ हजारांवर येतं. पण पहिला हप्ता 33,750, आणि निखिलच्या सध्याच्या हप्त्याखाली यायला सात वर्षांहून जास्त. पंचवीस वर्षांचा नोकरदार एवढा हप्ता भरणार कसा? म्हणून कोणी मागत नाही, म्हणून बँका देत नाहीत.

कौस्तुभ_पुणे
मागत नाहीत की सांगतच नाहीत?

नाशिककर_निखिल
सगळ्यांचं वाचलं. उतारा पुन्हा उघडून बघितला, 61 व्या हप्त्यात मुद्दल 7,308 आहे. पहिल्यात 4,785 होतं हे मी बघितलंच नव्हतं. लूट शब्द मागे घेतो, पण कर्ज घेताना हे कोष्टक कोणी पुढ्यात ठेवलं नाही, ही तक्रार ठेवतोच. दिवाळीच्या बोनसमधून लाखभर भरायचे का, त्यावर बायकोचं मत वेगळं आहे. तिला तो पैसा मुलीच्या नावानं एफडीत हवाय. एफडीला साडेआठ मिळत नाहीत असं म्हटलं तर म्हणाली, "अडीअडचणीला एफडी मोडता येते, फेडलेलं कर्ज परत मिळतं का?"

मंजिरी_ठाणे
तिचा मुद्दा मला पटला बाबा. 2023 मध्ये मी हप्ता वाढवून घेतला आणि त्याच वर्षी आईचं ऑपरेशन निघालं.