संक्षेप फोडायचे की तसेच ठेवायचे? गीतेच्या पोथीची स्वच्छ प्रत

बोरूवाली
भगवद्गीतेचं एक देवनागरी हस्तलिखित छायाचित्रांवरून टंकते आहे. लेखकाने 'अ॰ उ॰', 'भ॰ उ॰' असे संक्षेप केलेत. तेराव्या अध्यायात २४ हा श्लोकांक लागोपाठ दोनदा आलाय, पण शेवटचा आकडा ३४ आहे, म्हणजे छापील गीतेइतकाच. दंड तर कुठेही पडलेत. माझं मत असं की संक्षेप फोडावेत, श्लोकांक छापील गीतेवरून घ्यावेत आणि दंड नीट लावावेत. नाहीतर 'स्वच्छ प्रत' कशाला म्हणायचं?

सरळमार्गी
शंभर टक्के सहमत. वाचणाऱ्याला मजकूर हवा असतो, लेखकूच्या लकबी नकोत. 'अ॰ उ॰' सगळीकडे एका फटक्यात बदलून 'अर्जुन उवाच' करा. आकड्यांचं तर अजून सोपं: शेवट ३४ जुळतोय ना? मग मधला २४ ही हातचूक. पुढे चला.

शिरोरेघ
थांबा, शेवट जुळतोय हीच तर संशयाची जागा आहे. २४ दोनदा आणि तरी शेवट ३४, म्हणजे पोथीत प्रत्यक्षात ३५ श्लोक आहेत. एक जास्तीचा कुठून आला? बोरूवाली, अध्यायाची सुरुवात बघा. पहिल्या श्लोकाआधी 'अ॰ उ॰' आहे की 'भ॰ उ॰'?

बोरूवाली
'अ॰ उ॰'. मग 'प्रकृतिं पुरुषं चैव क्षेत्रं क्षेत्रज्ञमेव च'.

सरळमार्गी
अहो, 'प्रकृतिं पुरुषं चैव' हा तर तेराव्याचा १९वा श्लोक! लेखकाने चुकून वर लिहिला असणार. काढून टाका, हिशेब जुळला.

शिरोरेघ
पहिला पाद तोच आहे, पुढचं वेगळं. १९व्यात 'विद्ध्यनादी उभावपि' येतं आणि तिथे भगवान बोलतात. हा अर्जुनाचा प्रश्न आहे, 'एतद्वेदितुमिच्छामि ज्ञानं ज्ञेयं च केशव'. काही पोथ्यांत आणि काही छापील आवृत्त्यांत हा श्लोक असतो, तिथे अध्याय ३५ श्लोकांचा होतो आणि गीता ७०१ची. शंकराचार्यांच्या भाष्यात तो नाही, तिथे अध्याय 'इदं शरीरं कौन्तेय' पासून सुरू होतो. म्हणून प्रचलित पाठ ३४चा.

आता तुमच्या पोथीचं गणित लावा. जास्तीचा श्लोक १ झाला, म्हणून छापीलचा १ इथे २, आणि हे एक अंतर पुढे चालत राहतं. 'य एवं वेत्ति पुरुषं' छापीलमध्ये २३, तुमच्याकडे २४. 'ध्यानेनात्मनि पश्यन्ति' छापीलमध्ये २४, तुमच्याकडेही २४. तिथे अंतर मिटलं आणि तिथून शेवटपर्यंत आकडे जुळत गेले. बरोबर?

बोरूवाली
तंतोतंत. दुसरा २४ 'ध्यानेनात्मनि'वरच आहे.

शिरोरेघ
तर मग आकडे छापीलवरून घेतले असते, तर पहिल्या श्लोकाला आकडाच उरला नसता. तुम्ही तो 'प्रक्षिप्त' म्हणून वगळला असता, नाहीतर बिनआकडी ठेवला असता. कुठल्याही मार्गाने, ही पोथी ३५ श्लोकांच्या परंपरेतली आहे हे कळायची खूण गेली असती. आणि अध्यायाच्या तोंडचा तो 'अ॰ उ॰' हा त्याचा दुसरा पुरावा आहे, कारण ३४ श्लोकांच्या तेराव्यात अर्जुन बोलतच नाही.

सरळमार्गी
मान्य, हे ठिकाण अपवाद. पण एका ठिकाणासाठी सातशे श्लोक लेखकूच्या चुकांसकट ठेवायचे? 'धर्म्म', 'सर्व्व', अवग्रह गाळलेले, अनुस्वार वाट्टेल तसे. शोध घेणाऱ्याला 'धर्म' टाकून काही सापडणार नाही.

आळशी_कासव
माझ्याकडे उपनिषदाची पोथी आहे, तिच्यात 'शांतिः ३' असं लिहिलंय. मी तो श्लोकांक समजून काढणार होतो, बरं झालं हा धागा वाचला. माझा प्रश्न वेगळाच आहे: ते संक्षेपाचं गोल चिन्ह कळफलकावर कुठे आहे? मी शून्य टंकतो.

शिरोरेघ
कासवराव, प्रश्न बाजूचा वाटला तरी मोक्याचा आहे. संक्षेपचिन्ह ॰ म्हणजे U+0970. शून्य ० म्हणजे U+0966. दिसायला भावंडं, पण श्लोकांक शोधायला जी ओळ वापराल तिला शून्य हा अंकच दिसणार. दंडाचंही तेच: । हा U+0964 आणि ॥ हा U+0965. कोणी उभी रेघ | टंकतं, कोणी दोन एकेरी दंड जोडून दुहेरी बनवतं, आणि मग ही ओळ अर्धे श्लोक गाळते:

```
॥\s*([०-९]+)\s*॥
```

तुमचं 'शांतिः ३' मात्र या जाळ्यात सापडत नाही, कारण त्या ३ च्या दोन्ही बाजूंना दुहेरी दंड नसतो. तो आकडा 'तीनदा म्हणा' असं सांगतो, म्हणून मजकुराचाच भाग आहे.

सरळमार्गी, 'धर्म्म' सरळ करायला माझी हरकत नाही. फक्त ते दुसऱ्या थरात करा. पहिला थर पोथीत आहे तसा, पत्र आणि ओळ क्रमांकासह. दुसरा वाचकासाठी. पहिल्या अध्यायातली ही जागा घ्या:

```
पोथी: हृषीकेशं तदा वाक्यमिदमाह महीपते । अ॰ उ॰ । सेनयोरुभयोर्मध्ये रथं स्थापय मेच्युत ॥ २१ ॥
वाचन: हृषीकेशं तदा वाक्यमिदमाह महीपते ।
       [अर्जुन उवाच]
       सेनयोरुभयोर्मध्ये रथं स्थापय मेऽच्युत ॥ २१ ॥
```

बोलणारा श्लोकाच्या मध्यावर बदलतो, म्हणून इथे एकेरी दंड दोन आहेत. 'दंड नीट लावताना' प्रत्येक दंडाला अर्धा श्लोक धरलात, तर इथे दीड श्लोक मोजाल. 'अर्जुन उवाच' छंदाबाहेरचं, त्याची अक्षरं धरायची नाहीत. बाकीची मोजा, बत्तीस भरली की अनुष्टुभ् पुरा.

पत्र_ब
ओळीच्या शेवटी समासाला टेकून दंडासारखी रेघ दिसली तर जपून. जागा उरली की लेखक ती रेघ ओढून भरतो. ती पादाच्या मध्ये पडली असेल तर भरणाच समजा. आणि दंड वाटलेली रेघ शिरोरेघेला जोडलेली असेल तर तो बहुधा काना आहे. एवढ्यावरही ठरलं नाही तर छंद ठरवतो.

पण शिरोरेघ, संक्षेप फोडण्यावर तुम्ही फार सोवळे आहात असं मला वाटतं. गीतेत बोलणारे चारच. 'अ॰'चा अर्जुन सोडून दुसरा कोण होणार?

शिरोरेघ
गीतेत नाही होत. महाभारतात 'भी॰ उ॰' आला की भीष्म की भीम? शांतिपर्वाच्या सुरुवातीला भीमही युधिष्ठिराशी वाद घालतो. एका फटक्यात बदल करायची सवय गीतेवर लागली की ती तिथेही जाते. आणि गीतेतसुद्धा 'भ॰ उ॰' फोडताना 'भगवानुवाच' लिहिणार की 'श्रीभगवानुवाच'? 'श्री' पोथीत नाही.

सरळमार्गी
'श्री' घालावा. कोणीही वाचताना तसंच म्हणेल.

पत्र_ब
पोथीत इतरत्र कुठे पूर्ण लिहिलंय का ते बघा, तसंच फोडा. सापडलं नाही तर 'श्री' कंसात.

बोरूवाली
दोन थर करते. संक्षेप चौकोनी कंसात फोडते. पण दुसऱ्या थरात तेराव्याला आकडे कोणते देऊ? पोथीतला दोनदा आलेला २४ ठेवला तर 'श्लोक २४' असा संदर्भच देता येत नाही. १ ते ३५ सलग दिले तर ते ना पोथीचे, ना छापीलचे.

शिरोरेघ
पोथीचे ठेवा, दुसऱ्याला '२४ (द्वि.)' करा, छापील आकडा समासात.

सरळमार्गी
उलट. संदर्भ देणारे सगळे छापील आकड्यानेच देतात. छापील मुख्य, पोथीचा समासात, आणि पहिल्या श्लोकाला शून्य द्या.

पत्र_ब
शून्य नको, पोथीत त्याला चक्क १ आकडा आहे. आणि दुसरा २४ लेखकाच्या हातून पडला की ३४शी मेळ घालायला कोणी मुद्दाम पाडला, हे एका पोथीवरून ठरत नाही. बोरूवाली, त्या २४ वर हरताळ किंवा खाडाखोड दिसते का?

बोरूवाली
छायाचित्रात तिथेच घडीची सावली आहे. मूळ पान बघायला मिळालं तर इथे टाकते.