चौथ्या स्लाइडचा मथळा तेविसाव्या स्लाइडवर टिकतो का?

दप्तरदार
सादरीकरण वरिष्ठांकडे जाण्यापूर्वी तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. चौथ्या स्लाइडचा मथळा असा: "नव्या कार्यपद्धतीमुळे तक्रार निकाली निघण्याचा सरासरी कालावधी ४० टक्क्यांनी घटला." परिशिष्टात तेविसाव्या स्लाइडवर आधीच्या तिमाहीसाठी १० दिवस आणि नंतरच्या तिमाहीसाठी ६ दिवस दिले आहेत, म्हणजे हिशेब जुळतो. दाव्याला परिशिष्टाचा आधार आहे, असे एवढ्यावर लिहून द्यावे का? डेकबाहेरची आकडेवारी मला उपलब्ध नाही.

सरळरेषा
बेलाशक द्यावे. दहाचे सहा झाले म्हणजे ४० टक्के घट झाली, यात वाद घालण्यासारखे काही नाही. तपासणाऱ्याने आकडा, एकक आणि कालावधी ताडून पाहावा आणि थांबावे. मथळ्याचा अर्थ काय लावायचा ही सादरकर्त्याची जबाबदारी आहे. ती तपासणाऱ्याने अंगावर घेतली की प्रत्येक डेक दोनदा लिहावा लागतो, हे मी अनेकदा भोगले आहे.

तळटीप
आकडा जुळला हे खरे, पण मथळ्यात आकड्याखेरीज "मुळे" हा शब्दही आहे आणि खरा दावा त्या शब्दाने केला आहे. तेविसाव्या स्लाइडवर फक्त दोन सरासऱ्या आहेत, की तक्रारींच्या प्रकारानुसार तक्ताही आहे? असल्यास तो येथे द्यावा, आणि तक्त्याखाली बारीक अक्षरांत काही लिहिले असेल तर तेही जसेच्या तसे द्यावे.

मोकळेरान
माझ्या मते परिशिष्ट मुळात काढूनच टाकावे. वीस-पंचवीस स्लाइडनंतर कोणी काही वाचत नाही आणि फाइल उगाच जड होते.

दप्तरदार
परिशिष्ट ठेवायचे की काढायचे, हा माझा प्रश्न नाही. ते आहे आणि राहणार आहे. @तळटीप, तक्ता आहे. आधीच्या तिमाहीत साध्या तक्रारी १०० निकाली निघाल्या, सरासरी ४ दिवस. गुंतागुंतीच्या १००, सरासरी १६ दिवस. नंतरच्या तिमाहीत साध्या २५०, सरासरी ४ दिवस. गुंतागुंतीच्या ५०, सरासरी १६ दिवस. खाली लिहिले आहे: "केवळ निकाली निघालेल्या तक्रारी विचारात घेतल्या आहेत. दिवस पूर्णांकात."

तळटीप
मग उत्तर त्या तक्त्यातच आहे. साध्या तक्रारीला पूर्वी ४ दिवस लागत होते, आताही ४ लागतात. गुंतागुंतीच्या तक्रारीला पूर्वी १६ लागत होते, आताही १६ लागतात. एकाही प्रकारची तक्रार लवकर निकाली निघू लागलेली नाही. सरासरी उतरली ती साध्या तक्रारींचा वाटा निम्म्यावरून पाच षष्ठांशांवर गेला म्हणून. २५० गुणिले ४ आणि ५० गुणिले १६ यांची बेरीज १८०० होते, तिला ३०० ने भागले की ६ येतात. म्हणजे मथळ्यातली सगळीच्या सगळी ४० टक्के घट केवळ मिश्रण बदलल्याने आलेली आहे, आणि हे सांगणारा तक्ता मथळ्याचा पुरावा म्हणून त्याच डेकमध्ये जोडलेला आहे. असे बहुधा लबाडीने होत नाही. मथळा लिहिणारा तक्त्याची शेवटची ओळ उचलतो आणि वरच्या दोन ओळी त्याच्या नजरेतून निसटतात.

यासाठी माझी एक सवय आहे. मी मुख्य स्लाइड न वाचता आधी परिशिष्ट वाचतो, प्रत्येक तक्त्याला स्वतः एका वाक्याचा मथळा देतो आणि मगच सादरकर्त्याचा मथळा पाहतो. आधी मथळा वाचला की डोळे त्याला जुळणारा आकडा शोधू लागतात, आणि तो बहुतेक वेळा सापडतोच. तेविसाव्या स्लाइडला मी मथळा दिला असता तो असा: "दोन्ही प्रकारांत लागणारा वेळ जैसे थे, साध्या तक्रारींचा वाटा वाढला."

सरळरेषा
हिशेब मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. साध्या तक्रारींचा वाटा वाढला हा नव्या कार्यपद्धतीचाच परिणाम कशावरून नसेल? समजा, नव्या पद्धतीत तक्रार नोंदवतानाच नीट माहिती घेतली जाते आणि पूर्वी गुंतागुंतीची ठरली असती अशी तक्रार आता साध्या गटात जाते. तसे असेल तर प्रकारवार तुलना फसवी ठरते, कारण गुंतागुंतीच्या गटातल्या त्यातल्या त्यात सोप्या तक्रारी बाहेर पडल्या की उरलेल्यांची सरासरी चढायला हवी. ती चढली नाही, याचाच अर्थ काम वेगाने होऊ लागले, असाही लावता येतो. अशा वेळी एकूण सरासरी हेच प्रामाणिक माप आहे.

तळटीप
हा आक्षेप चांगला आहे, आणि गट बदलले असतील तर तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. पण नव्या पद्धतीत वर्गीकरण कसे होते याचे एक वाक्यही परिशिष्टात नसेल, तर ते स्पष्टीकरण तुमचे आहे, डेकचे नाही. @दप्तरदार, प्रत्येक प्रकारच्या किती तक्रारी दाखल झाल्या आणि किती प्रलंबित आहेत, हे कुठे दिले आहे का? "केवळ निकाली निघालेल्या" ही तळटीप मला स्वस्थ बसू देत नाही.

छेद
मध्येच माझा अनुभव सांगतो. एका सर्वेक्षणाच्या डेकमध्ये मुख्य स्लाइडवर ६२ टक्के समाधानी होते आणि परिशिष्टात ५८ टक्के. मी लाल शेरा मारून डेक परत पाठवला आणि तोंडघशी पडलो. उत्तरे ५०० होती, समाधानी २९०, म्हणून ५८ टक्के. "सांगता येत नाही" म्हणणारे ३२ जण वगळले की छेद ४६८ होतो आणि तेच २९० जण ६२ टक्के ठरतात. दोन्ही आकडे बरोबर होते, छेद मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. तेव्हापासून आकडे जुळले नाहीत तर मी "चूक" असे लिहीत नाही, "कोणत्या संख्येने भागले?" असे विचारतो. तुमच्याकडे उलटे झाले आहे. आकडे जुळले आणि तरी प्रश्न उरला.

दप्तरदार
सव्विसाव्या स्लाइडवर गुंतागुंतीच्या तक्रारींची आवक-जावक आहे. आधीच्या तिमाहीत दाखल १०५, निकाली १००, अखेरीस प्रलंबित ५. नंतरच्या तिमाहीत दाखल ११०, निकाली ५०, अखेरीस प्रलंबित ६५. चौथ्या स्लाइडवरून या स्लाइडचा संदर्भ दिलेला नसल्याने मी ती उघडलीच नव्हती.

तळटीप
येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली, ताळा बसतो: आधीचे ५ आणि नवे ११० मिळून ११५, त्यांतून ५० गेले की ६५ उरतात. निकाली तक्रारींचा ५० हा आकडा दोन्ही स्लाइडवर एकच आहे. तेव्हा दोन्हीकडे वर्गीकरण एकच वापरले आहे असे धरायला हरकत नाही, आणि दोन तक्ते एकत्र वाचता येतात. अनेक डेकमध्ये नेमके येथेच घोडे पेंड खाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गुंतागुंतीच्या तक्रारी कमी झालेल्या नाहीत, त्या तुंबल्या आहेत. सरासरीत फक्त निकाली तक्रारी धरल्या की रेंगाळलेली तक्रार हिशेबातूनच गळते, म्हणून काम जितके साचेल तितकी सरासरी सुधारल्यासारखी दिसते. अंदाज म्हणून पाहा: या ६५ तक्रारीही प्रत्येकी १६ दिवसांतच निकाली निघाल्या असे उदारपणे धरले, तरी ११५ गुणिले १६ आणि २५० गुणिले ४ मिळून २८४० दिवस होतात, भागिले ३६५ तक्रारी, म्हणजे जवळपास ७.८ दिवस. ४० टक्क्यांची घट २२ टक्क्यांवर येते आणि ती उरलेली घटही मिश्रणाचीच. त्या तक्रारी आणखी रेंगाळल्या तर तेवढीही राहणार नाही.

सरळरेषा
प्रलंबित तक्रारींचा मुद्दा मी मान्य करतो, तो माझ्या ध्यानात आला नव्हता. पण वर्गीकरणाचा प्रश्न ताळ्याने सुटत नाही. एका तिमाहीत दोन तक्ते जुळतात, एवढेच ताळा सांगतो. दोन तिमाहींमध्ये निकष बदलला की नाही, हे तो सांगत नाही. साध्या तक्रारी अडीच पट झाल्या आणि गुंतागुंतीच्या मात्र १०५ वरून ११० एवढ्याच, हे मला संशयास्पद वाटते. कदाचित एकूण आवक सारखीच वाढली असेल आणि अर्ध्या अवघड तक्रारी साध्या गटात ढकलल्या गेल्या असतील.

तळटीप
शक्य आहे. परिशिष्टावरून ते सिद्ध होत नाही आणि खोडताही येत नाही. म्हणून शेऱ्यात "दावा चुकीचा" असे लिहू नये. आधार न सापडणे आणि खोटे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मी असे लिहीन: "४० टक्के हा आकडा स्लाइड २३ शी जुळतो. घट कार्यपद्धतीमुळे झाली याला परिशिष्टात आधार नाही, कारण दोन्ही प्रकारांचा कालावधी तोच आहे. स्लाइड २६ वरील ६५ प्रलंबित तक्रारी सरासरीबाहेर आहेत, हे मुख्य स्लाइडवर दिसत नाही. वर्गीकरणाचा निकष दोन्ही तिमाहींत एकच होता का, ते कळवावे." दावा, स्लाइड क्रमांक आणि नेमके काय कमी आहे, एवढे असले की सादरकर्त्याला चिडायला फारशी जागा राहत नाही.

दप्तरदार
हाच शेरा जवळपास शब्दशः पाठवला आणि उत्तर आले. वर्गीकरणाबद्दल "संबंधितांना विचारून सांगतो" एवढेच आहे. मथळा मात्र लगेच बदलला: "नवी कार्यपद्धती लागू झाल्यानंतर निकाली तक्रारींचा सरासरी कालावधी ४० टक्क्यांनी घटला." प्रलंबित तक्रारी तळटिपेत टाकल्या आहेत. आता यातला प्रत्येक शब्द परिशिष्टात सापडतो. मंजूर करू का?

सरळरेषा
करा. आता कारणाचा दावा उरलेला नाही आणि "निकाली" हा शब्दही आला आहे. याहून अधिक मागणे हा हट्ट होईल.

छेद
शब्दांच्या दृष्टीने ठीक आहे, पण सभागृहात बसलेला प्रत्येक जण "नंतर" हे "मुळे" असेच वाचेल. नाहीतर कार्यपद्धतीचे नाव मथळ्यात कशाला हवे होते?

तळटीप
मी मंजूर करणार नाही. ६५ हा आकडा तळटिपेत नको, ४० टक्क्यांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत हवा. अर्थात, अक्षरांचा आकार ठरवण्याचा अधिकार तपासणाऱ्याला आहे का, हे तुमच्याकडच्या कामाच्या वाटणीवर अवलंबून आहे. माझ्याकडे तो आहे.