राजाने बाप्तिस्मा घेतला, याला ‘धर्मांतर केले’ म्हणावे का?

अनुवादक: अँग्लो-सॅक्सन वृत्तांतातील इ. स. 878 च्या नोंदीचा मराठी अनुवाद करतो आहे. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड एडिंग्टन येथे डॅनिश सैन्याचा पराभव करतो आणि त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी डॅनिश राजा गुथ्रम आपल्या सैन्यातील तीस प्रमुख माणसांसह त्याच्याकडे येतो. मूळ वाक्याचा शब्दशः अर्थ ‘तेथे राजाने बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचा स्वीकार केला’ असा आहे. मी पहिल्या खर्ड्यात ‘गुथ्रमने धर्मांतर केले’ असे लिहिले होते, परंतु त्यामुळे वाक्याचा कर्ता बदलतो आणि आल्फ्रेड वाक्यातून नाहीसाच होतो. या प्रसंगासाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

उत्तनकर: आमच्या कॅथलिक समाजात ‘स्नानसंस्कार’ हा शब्द रूढ आहे, तो वापरावा. माझ्या भाचीच्या स्नानसंस्काराच्या वेळी मी तिचा धर्मपिता झालो. तिच्या घरच्या प्रत्येक कार्यात आता माझा मान असतो, आणि तिचे आईवडील माझ्याशी सल्लामसलत केल्याशिवाय तिच्या शिक्षणाचा निर्णय घेत नाहीत. मात्र राजाने प्रौढ वयात हा संस्कार घेतला असेल, तर त्याआधी त्याला धर्मशिक्षण किती महिने दिले होते, याचा उल्लेख अनुवादात यायला हवा असे मला वाटते.

बखरवाचक: शब्दांचा एवढा काथ्याकूट कशासाठी? हरलेल्या राजाने जेत्याचा धर्म घेतला, म्हणजे तो मांडलिक झाला. ‘मांडलिकत्व पत्करले’ असे सरळ लिहावे. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस, डॅनिश हाराल्ड, गुथ्रम, सगळ्यांची कथा एकच आहे.

कोशप्रेमी: उत्तनकरांचा प्रश्न आजच्या पद्धतीप्रमाणे योग्य आहे, पण येथे महिन्यांचा हिशोब लागूच पडत नाही, कारण लढाई आणि बाप्तिस्मा यांत काही आठवड्यांचेच अंतर होते. मात्र त्यांनी स्वतःच्या भाचीविषयी जे सांगितले, तेच या वाक्याचे मर्म आहे: बाप्तिस्म्याच्या वेळी एखाद्याचा स्वीकार करणे म्हणजे त्याचा धर्मपिता होणे. धर्मपित्याचे नाते हे खरे नाते मानले जाई, आणि आल्फ्रेडला नेमके तेच हवे होते.

त्याला ते का हवे होते, हे त्याच वृत्तांतातील 876 ची नोंद वाचल्याशिवाय कळत नाही. त्या वर्षी वेरहॅम येथे डॅनिश सैन्याने आल्फ्रेडशी तह केला, ओलीस दिले आणि पवित्र कड्यावर हात ठेवून शपथ घेतली. अशी शपथ त्यांनी त्यापूर्वी कोणत्याही लोकांना दिली नव्हती, असे वृत्तांत आवर्जून सांगतो. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या देवांची शपथ आल्फ्रेडने चालवून घेतली होती. पुढे तेच सैन्य रातोरात निसटून एक्सेटरला गेले. ओलीस झाले, शपथही झाली, आणि दोन्ही वाया गेले. त्यामुळे 878 मध्ये पुन्हा तह करताना, ज्याच्या भंगाची शिक्षा दोघांचाही एकच देव करील असे बंधन आल्फ्रेडला हवे होते, असे मी या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचतो.

विधी कसा झाला तेही पाहावे. ॲथेलनीजवळच्या ॲलर येथे बाप्तिस्मा झाला, मस्तकावरील तैलाभ्यंगाची पट्टी वेडमोर येथे सोडण्यात आली, गुथ्रम बारा रात्री आल्फ्रेडचा पाहुणा राहिला आणि त्याला व त्याच्या सोबत्यांना भरपूर भेटी मिळाल्या. त्याला एथेलस्टॅन हे नवे नाव मिळाले, जे आल्फ्रेडच्या एका थोरल्या भावाचेही होते. ईस्ट अँग्लियात स्थिरावल्यावर गुथ्रमने याच नावाने नाणी पाडली. आपले नवे नाव नाण्यावर छापणारा राजा ते नाव लपवू पाहत नव्हता. इंग्रज प्रजेवर राज्य करताना त्याला त्याचा उपयोगच होता.

बखरवाचक: म्हणजे शेवटी मांडलिकच की.

कोशप्रेमी: तसे म्हणता येत नाही. आल्फ्रेड आणि गुथ्रम यांच्यातील नंतरच्या तहाचा मजकूर उपलब्ध आहे. त्यात थेम्स, ली आणि ऊझ या नद्या धरून सीमा आखली आहे आणि इंग्रज किंवा डेन मारला गेल्यास समान दर्जाच्या माणसांसाठी भरपाईही समान ठरवली आहे. खंडणीचा किंवा चाकरीचा उल्लेख त्यात नाही. बंधन पूर्णपणे टिकले असेही नव्हे, कारण 885 मध्ये ईस्ट अँग्लियातील सैन्याने तह मोडल्याची नोंद आहे. तरीही 890 मध्ये गुथ्रमच्या मृत्यूची नोंद करताना वृत्तांतकार त्याला आल्फ्रेडचा धर्मपुत्र म्हणूनच ओळखतो.

मांडलिकत्वाच्या जवळ जाणारे उदाहरण हवे असेल तर ते हाराल्ड क्लाकचे आहे, आणि गंमत म्हणजे तो बाप्तिस्म्याआधी फ्रँकांकडून हरलेला नव्हता. त्याला घरच्याच प्रतिस्पर्ध्यांनी, गोडफ्रेड राजाच्या मुलांनी, जेरीस आणले होते. 826 मध्ये तो पत्नी, मुलगा आणि मोठा लवाजमा घेऊन माइन्झला आला. शार्लमेनचा मुलगा सम्राट लुई त्याचा धर्मपिता झाला, सम्राज्ञी युडिथ त्याच्या पत्नीची धर्ममाता झाली, आणि राजपुत्र लोथार त्याच्या मुलाचा. फ्रँक राजवृत्तांत सांगतो की फ्रिसियातील रुस्ट्रिंगन हा प्रदेश त्याला देण्यात आला, तो प्रसंग पडल्यास मालमत्तेसह आश्रयाला जाता यावे म्हणून. प्रसंग लगेच पडला: दुसऱ्याच वर्षी त्याला डेन्मार्कमधून हाकलण्यात आले.

क्लोव्हिसची गोष्ट याहूनही निराळी आहे. तूरचा बिशप ग्रेगरी त्याच्या तोंडी असे घालतो की मी स्वतः तयार आहे, पण माझे लोक आपले देव सोडायला तयार होणार नाहीत. हे ग्रेगरीने बऱ्याच वर्षांनी लिहिलेले आहे, तेव्हा शब्द क्लोव्हिसचेच असतील असे मी मानत नाही. परंतु राजाची खरी अडचण कोणती वाटे, हे त्यातून दिसते.

अनुवादक: मग राजांनी स्वतः दिलेली कारणे कोठे सापडतात?

कोशप्रेमी: फारच थोड्या ठिकाणी. बहुतेक कारणे धर्मगुरूंनी लिहिलेली आहेत. राजाचे स्वतःचे म्हणावे असे वाक्य डेन्मार्कमधील येलिंगच्या शिळेवर आहे. त्यात हाराल्ड ब्लूटूथ म्हणतो की त्याने सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले. कारण तो देत नाही. जिंकणे आणि ख्रिस्ती करणे तो एकाच दमात सांगतो.

तुमच्या वाक्यासाठी मी ‘बाप्तिस्म्याच्या वेळी आल्फ्रेड राजा त्याचा धर्मपिता झाला’ असे सुचवीन.

उत्तनकर: हे आमच्याकडे कोणालाही लगेच कळेल. धर्मशिक्षणाचा माझा मुद्दा मी सोडतो, पण श्रद्धा नसताना नाते जुळते, हे मला अजून पटत नाही.

अनुवादक: धर्मपित्याचे वाक्य घेतो. पण एगिलच्या सागेतील, म्हणजे त्याच्यावरील जुन्या आइसलँडी कथेतील, एक शब्द अजून अडतो आहे. एगिल आणि त्याचा भाऊ पुढच्या काळातील इंग्लंडच्या एथेलस्टॅन राजाच्या चाकरीत शिरताना बाप्तिस्मा घेत नाहीत, फक्त क्रुसाची खूण करून घेतात. त्याला ‘प्रिमसिग्निंग’ म्हणतात. अशा माणसाला ख्रिस्ती आणि मूर्तिपूजक दोघांतही मोकळेपणे वावरता येई आणि श्रद्धा त्याला रुचेल ती ठेवता येई. व्यापारी आणि भाडोत्री सैनिक यांच्यात ही रीत होती, असे सागा सांगते.

बखरवाचक: ‘अर्धधर्मांतर’ चालेल.

कोशप्रेमी: ‘अर्ध’ नको, कारण पुढचा अर्धा भाग होणारच असे त्यातून सूचित होते, आणि एगिलच्या बाबतीत तो झाला नाही. ‘क्रूसांकन’ सुचते, पण त्यातून चाकरीची आणि व्यापाराची सोय ध्वनित होत नाही. तूर्त मूळ शब्दच देवनागरीत ठेवून पहिल्या ठिकाणी एक खुलाशाचे वाक्य घालावे. याहून चांगला शब्द कोणाला सुचल्यास तो येथे लिहावा.