मदत हवी आहे: जपानी एटीएमच्या स्क्रीनवर नेमकं कोणतं बटण?

नमस्कार मंडळी, सध्या नागोयात राहते. खातं एका लहान स्थानिक बँकेत आहे. तिच्या एटीएमवर इंग्रजी निवडलं की पैसे काढणं आणि शिल्लक पाहणं एवढंच दिसतं, पासबुक भरण्याचा पर्याय गायब! म्हणून जपानी स्क्रीनच वापरायची आहे.

मी एवढं जुळवलंय: पैसे काढायला お引出し, भरायला お預入れ, पासबुकात नोंदी छापायला 通帳記入. पहिल्या दोन्हींची सुरुवात お नेच होते, म्हणून मी दुसरं अक्षर बघते: 引 म्हणजे काढणं, 預 म्हणजे भरणं. お振込 दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायला, त्याच्या वाटेला जात नाही.

आता अडचण. घरभाडं खात्यातून आपोआप कापलं जातं, त्यासाठी 30,000 येन भरायचे आहेत. स्क्रीनवर 定期預金 असंही बटण आहे आणि त्यातही 預 आहेच. ते मुदत ठेवीचं ना? चुकून दाबलं तर पैसे तिथे अडकतील, की नोटा मोजून झाल्यावर 確認 न दाबता 取消 दाबलं तर परत मिळतात?

दुसरं, रक्कम टाकताना 3, मग 万, मग 円, हा क्रम बरोबर आहे का? काढताना 万 ऐवजी 千 दाबलं तर तीनच हजार हातात येतील.

आणि 通帳記入 ला पिन विचारत नाही ना? पासबुकाची पानं संपत आली आहेत. नवं पासबुक मशीनच देतं, की काउंटरवर जावं लागतं? जपानमध्ये राहणाऱ्यांनी कृपया सांगा.