मदत हवी आहे: आकाशाचा नुसताच फोटो आला आहे, भाचीला नेमके काय हवे असेल?

काल रात्री भाचीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, सोबत एक अक्षरही नाही. खाली पवनचक्क्यांचे काळे खांब आहेत, म्हणून तो आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरचा असावा. वर पूर्वेला मृग नक्षत्र आडवे झाले असून त्याच्या पट्ट्यातले तीन तारे एकाखाली एक आहेत, आणि क्षितिजाजवळ एक फार तेजस्वी ठिपका आहे. मागच्या वेळी असाच फोटो आला तेव्हा मी ताऱ्यांची नावे लिहून पाठवली, तर तिचे उत्तर आले, "मामा, मला फोटोखाली लिहायला एक ओळ हवी होती." या वेळी नावे सांगावीत, कॅमेऱ्याबद्दल बोलावे, की ओळ सुचवावी?

कृष्णाकाठ: तो ठिपका शुक्र असणार. तिला तेच विचारायचे असेल.

पठारी: शुक्र सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांपलीकडे कधी जात नाही, त्यामुळे रात्र पडल्यावर तो पूर्वेला उगवताना दिसणे शक्य नाही. पट्ट्याची रेघ खाली वाढवून पाहा. ठिपका तिच्या जवळपास असेल तर तो व्याध. पण फोटो मोठा करून तारे कसे दिसतात, तेही कृपया सांगा.

धागाकर्ता: रेघ जवळजवळ त्याच्यावरच जाते. तारे ठिपक्यांऐवजी बारीक रेघोट्यांसारखे दिसतात, सगळ्या एकाच दिशेने कललेल्या. खांब मात्र रेखीव आहेत.

सांगलीकर: आयएसओ वाढवायला सांगा. माझ्या मोबाइलवर तर सगळे तारे गोल धुरकट चकत्यांसारखे येतात, त्यावर काही उपाय आहे का?

पठारी: तुमचा प्रश्न फोकसचा आहे, एखादा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून तो सर्वांत बारीक होईपर्यंत फोकस हाताने फिरवावा लागतो. इथे खांब रेखीव आहेत, म्हणजे ट्रायपॉड हलला नाही, शटर उघडे असताना आकाशच सरकले. ते ताशी पंधरा अंश सरकते. साध्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर अठरा मिलिमीटरला सुमारे अठरा सेकंदांपुढे रेघोट्या दिसू लागतात. आयएसओ वाढवल्याने वेळ कमी करता येतो, एवढ्यापुरते सांगलीकरांचे बरोबर आहे. नुसता आयएसओ वाढवून रेघोटी जाणार नाही. मात्र तिने किती सेकंद ठेवले होते, हे या फोटोवरून कळणार नाही, कारण व्हॉट्सॲप फोटो लहान करते आणि त्यातली सेटिंगची नोंदही काढून टाकते.

माझे मत असे, की "व्याध छान आला आहे, तुला नावे हवीत, ओळ हवी की रेघोट्यांबद्दल बोलायचे आहे?" एवढेच लिहा. रेघोट्या तिने मुद्दामही ठेवल्या असतील. तिने कॅमेऱ्याचे विचारले, तर मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

धागाकर्ता: तसेच लिहिले. तिने वाचले आहे, आणि उत्तरादाखल आणखी एक फोटो पाठवला आहे. पुन्हा एक अक्षरही नाही, पण यात तारे ठिपक्यांसारखे आहेत.